कॉन्ट्रॅक्ट नोट ओळीओळीने कशी वाचावी : एका डिलिव्हरी खरेदीचा पूर्ण हिशेब

शेअर विकत घेतल्यावर ॲपवर एक भाव दिसतो आणि खात्यातून मात्र त्याहून थोडी जास्त रक्कम गेलेली असते. या दोहोंमधला फरक कशाकशाचा आहे हे सांगणारा कागद म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. ब्रोकरने ती सौदा झाल्यापासून २४ तासांच्या आत ग्राहकाला देणे सेबीच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ॲपवरचा पोर्टफोलिओ ही केवळ सोय आहे. ब्रोकरशी वाद झाला, प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी खरेदीची किंमत सिद्ध करायची वेळ आली किंवा आपण न केलेला सौदा आपल्या नावावर दिसला, तर पुरावा म्हणून हाच कागद पुढे ठेवावा लागतो. तरीही बहुतेक जण ही पीडीएफ उघडतही नाहीत, कारण तिच्यात बारीक अक्षरांतले रकाने पुष्कळ असतात आणि खालच्या आकड्यांपैकी कोणता कशावरून निघाला हे तिथे लिहिलेले नसते.

या लेखात एकच साधा सौदा घेऊन त्याची नोट वरपासून खालपर्यंत वाचू. नाशिकला राहणाऱ्या एका गुंतवणूकदाराने मुंबईतील ब्रोकरमार्फत राष्ट्रीय शेअर बाजारावर, म्हणजे एनएसईवर, एका कंपनीचे ८० शेअर डिलिव्हरीसाठी, म्हणजे त्याच दिवशी न विकता डीमॅट खात्यात ठेवण्यासाठी, घेतले आणि ब्रोकरशी ठरलेला दलालीचा दर ०.३० टक्के आहे, असे धरू. सवलतीच्या दरात काम करणारे काही ब्रोकर डिलिव्हरीवर दलाली घेत नाहीत किंवा प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक रक्कम घेतात. तरीही मुद्दाम टक्केवारीचा दर घेतला आहे, कारण दलाली शून्य असली की नोटेतली सर्वांत महत्त्वाची ओळ रिकामीच राहते आणि जीएसटी कशावर लागतो हेही नीट कळत नाही.

पहिली पायरी : फाईल उघडणे आणि माथा तपासणे

नोट ई-मेलने येते आणि तिला पासवर्ड असतो. बहुतेक ब्रोकर ग्राहकाचा पॅन क्रमांक मोठ्या अक्षरांत पासवर्ड म्हणून ठेवतात. फाईल शक्यतो संगणकावर पीडीएफ वाचण्याच्या पूर्ण प्रोग्रॅममध्ये उघडावी, कारण इलेक्ट्रॉनिक नोटेवर ब्रोकरची डिजिटल सही असते आणि मोबाइलवरचे अनेक साधे वाचक ती तपासून दाखवत नाहीत. सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. सही देणारे प्रमाणपत्र त्या संगणकाने अजून विश्वासार्ह मानलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. मात्र सही झाल्यानंतर कागदपत्रात बदल झाला आहे असा इशारा दिसला, तर ती फाईल ग्राह्य धरू नये आणि ब्रोकरच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून मूळ नोट उतरवून घ्यावी.

माथ्यावर ब्रोकरचे नाव, सेबीचा नोंदणी क्रमांक, अनुपालन अधिकाऱ्याचा ई-मेल आणि दूरध्वनी, तसेच ग्राहकाचे नाव, पत्ता, पॅन आणि यूसीसी म्हणजे ग्राहक संकेतांक असतो. येथे पत्त्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे जीएसटी कोणत्या प्रकारचा लागेल आणि मुद्रांक शुल्क कोणत्या राज्याला जाईल, हे या नोंदलेल्या पत्त्यावरून ठरते. नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेलेल्या आणि पत्ता न बदललेल्या माणसाच्या नोटेत म्हणूनच महाराष्ट्राचा हिशेब चालू राहतो.

त्याच भागात नोटेचा क्रमांक, सौद्याची तारीख, सेटलमेंट क्रमांक आणि सेटलमेंटची तारीख असते. सेटलमेंट म्हणजे शेअर आणि पैसे यांची प्रत्यक्ष देवघेव. २७ जानेवारी २०२३ पासून रोख बाजारातील सर्व शेअरचे सेटलमेंट टी अधिक एक, म्हणजे सौद्यानंतरच्या कामकाजाच्या पुढच्या दिवशी होते. शुक्रवारी घेतलेल्या शेअरच्या नोटेवर सोमवारची तारीख दिसेल, आणि सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारची.

दुसरी पायरी : सौद्यांचा तक्ता

तक्त्यात प्रत्येक ओळीला ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ, ट्रेड क्रमांक, ट्रेडची वेळ, शेअरचे नाव, खरेदी की विक्री, नग आणि भाव असे रकाने असतात. आपल्या उदाहरणात गुंतवणूकदाराने ८० शेअरची एकच ऑर्डर दिली. पण बाजारात त्या क्षणी ज्यांचे शेअर विक्रीला होते त्यांच्याशी ती दोन तुकड्यांत जुळली. म्हणून तक्त्यात ऑर्डर क्रमांक एकच आणि ट्रेड क्रमांक दोन दिसतात : ५० शेअर ₹१,२४९.५० ने आणि ३० शेअर ₹१,२५०.३० ने. एका ऑर्डरच्या दोन ओळी पाहून नवखा माणूस आपल्याकडून दोनदा खरेदी झाली असे समजतो, पण नगांची बेरीज केली की शंका फिटते.

दोन्ही ओळींचे मूल्य ₹६२,४७५ आणि ₹३७,५०९, म्हणजे एकूण ₹९९,९८४. त्याला ८० ने भागले की सरासरी भाव ₹१,२४९.८० येतो आणि ॲपवर दिसलेला भाव हाच असतो. काही ब्रोकर मुख्य पानावर शेअरमागे सरासरी भावाची एकच ओळ देतात आणि ट्रेडनिहाय तपशील मागच्या परिशिष्टात जोडतात. अशा वेळी परिशिष्ट वाचल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे समजू नये.

वेळेचे दोन रकाने मला या तक्त्यातले सर्वांत उपयुक्त वाटतात आणि तेच सर्वांत कमी वाचले जातात. ऑर्डरची वेळ आपण ऑर्डर दिली त्या वेळेशी जुळली पाहिजे. रात्री दिलेली ऑर्डर सकाळी बाजाराकडे जाते, त्यामुळे तिची वेळ सकाळची दिसणे योग्यच आहे. पण आपण दुपारी कामात असताना, फोनला हात न लावता, एखाद्या शेअरची खरेदी आणि तासाभरात विक्री झालेली दिसत असेल, तर तो परवानगीशिवाय झालेला सौदा असू शकतो. ‘तुमच्या वतीने आम्ही पाहतो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती खाते सोपवलेल्यांच्या नोटांवर असे सौदे सापडतात. एनएसईच्या संकेतस्थळावर सौद्याचा तपशील भरून तो खरोखर बाजारात झाला का हे तपासण्याची सोय आहे. ती सौद्यानंतर थोडेच दिवस चालते, म्हणून शंका आली की त्याच आठवड्यात ती वापरावी.

तिसरी पायरी : भावाचे तीन रकाने आणि दलाली

नगाच्या पुढे सहसा तीन आकडे असतात : ग्रॉस रेट, प्रति शेअर दलाली आणि नेट रेट. ग्रॉस रेट म्हणजे बाजारात सौदा झाला तो भाव. खरेदीत त्यात दलाली मिळवून आणि विक्रीत त्यातून दलाली वजा करून नेट रेट काढला जातो. आपल्या पहिल्या ओळीत ₹१,२४९.५० चे ०.३० टक्के म्हणजे ₹३.७४८५ दलाली आणि नेट रेट ₹१,२५३.२४८५ आहे. दुसऱ्या ओळीत दलाली ₹३.७५०९ आणि नेट रेट ₹१,२५४.०५०९. पैशाच्या पुढचे दोन अंक पाहून दचकू नये. प्रति शेअर दलाली चार दशांशांपर्यंत मोजण्याची पद्धत आहे. ५० आणि ३० नगांनी गुणून बेरीज केली की एकूण दलाली ₹२९९.९५ होते.

गोंधळ होतो तो पुढे. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातली एकूण रक्कम नेट रेटने काढलेली असेल तर तिच्यात दलाली आधीच आलेली असते, पण खालच्या सारांशात पे-इन किंवा पे-आउट ऑब्लिगेशन, म्हणजे शेअरपोटी द्यायची किंवा मिळायची रक्कम, ही ओळ बाजारभावाने काढलेली असते आणि दलाली तिच्याखाली वेगळी दाखवलेली असते. वरची बेरीज आणि खालची दलाली एकत्र करणारा माणूस दलाली दोनदा मोजतो आणि ब्रोकरने फसवले असे म्हणतो. आपली नोट कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखण्याचा सोपा उपाय असा की, नग गुणिले ग्रॉस रेट ही बेरीज आधी स्वतः करावी आणि तोच आकडा सारांशात पहिल्या ओळीत सापडतो का ते पाहावे. आपल्या उदाहरणात ₹९९,९८४ सापडला, म्हणजे पुढची प्रत्येक ओळ त्यावर चढवायची आहे.

दलालीची रक्कम सारांशात ‘दलाली’ या नावाने दिसेलच असे नाही. जीएसटीच्या भाषेत तिला टॅक्सेबल व्हॅल्यू ऑफ सप्लाय म्हणतात आणि अनेक नोटांवर तेच शीर्षक असते. आकडा ठरलेल्या दराशी जुळतो का हे पाहायचे असेल तर खाते उघडताना सही केलेले दरपत्रक काढावे. त्यात टक्केवारीशेजारी ‘किमान दलाली’ असा एक शब्दप्रयोग असतो आणि छोट्या गुंतवणूकदाराला तोच महाग पडतो. ०.३० टक्के किंवा प्रति ऑर्डर किमान ₹२५ असा दर असेल, तर ₹२,००० च्या खरेदीवर टक्केवारीने ₹६ होणाऱ्या दलालीऐवजी ₹२५ लागतात, म्हणजे प्रत्यक्ष दर सव्वा टक्का होतो. दलालीची कमाल मर्यादा सौद्याच्या मूल्याच्या अडीच टक्के आहे, त्यामुळे ₹२,००० वर ₹५० पर्यंत घेतले तरी तो नियमभंग ठरत नाही. दरमहा थोडेथोडे शेअर घेणाऱ्याने महिन्याला चार लहान ऑर्डर देण्याऐवजी एकच द्यावी, असे मी म्हणेन.

चौथी पायरी : सारांशातले कर आणि शुल्के

दलालीच्या खालच्या ओळी वाचताना प्रत्येक ओळीचे पैसे कोणाकडे जातात हे लक्षात ठेवले, तर त्या पाठ करण्याची गरज राहत नाही. ब्रोकरकडे राहते ती फक्त दलाली. बाकीचे पैसे तो गोळा करतो आणि पुढे पाठवतो, त्यामुळे घासाघीस करायची असेल तर ती एकाच ओळीवर करता येते.

एक्स्चेंज ट्रान्झॅक्शन चार्जेस ही ओळ शेअर बाजाराची. १ ऑक्टोबर २०२४ पासून एनएसईने रोख बाजारासाठी खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजूंना प्रत्येकी लाखाला ₹२.९७ असा एकसारखा दर लागू केला. आपल्या ₹९९,९८४ वर तो ₹२.९७ च येतो. त्याआधी बाजार ब्रोकरकडून उलाढालीच्या टप्प्यांनुसार आकारणी करत असे. मोठ्या ब्रोकरला महिनाअखेरीस कमी दर पडे, पण तो ग्राहकाकडून रोजच्या रोज वरच्या दराने वसुली करी आणि मधला फरक त्याच्याकडे राही. जुलै २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने हा प्रकार थांबवला आणि ग्राहकाकडून घेतलेली रक्कम व बाजाराला दिलेली रक्कम सारखीच असली पाहिजे असे ठरवले. म्हणून या ओळीतला आकडा बाजाराच्या जाहीर दराशी नेमका जुळला पाहिजे. बीएसईवर प्रमुख गटांतील शेअरसाठी लाखाला ₹३.७५ असा दर आहे आणि काही विशिष्ट गटांतील शेअरसाठी तो त्याहून पुष्कळ जास्त आहे. तिथे घेतलेल्या एखाद्या लहान कंपनीच्या नोटेत ही ओळ अचानक फुगलेली दिसली तर आधी त्या शेअरचा गट पाहावा. काही नोटांवर याच्या शेजारी एनएसईच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीची काही पैशांची वेगळी ओळ असते.

सेबी टर्नओव्हर फी कोटीला ₹१० आहे, म्हणजे आपल्या सौद्यावर १० पैसे. ती खरेदी आणि विक्री दोन्हींवर लागते. लहान नोटेत ती कधी ₹०.०० ही दिसते, कारण अर्ध्या पैशाहून कमी रक्कम पूर्णांकात नाहीशी होते.

जीएसटी १८ टक्के आहे, पण तो कशावर हे नीट समजून घ्यावे. तो दलाली, एक्स्चेंजचे शुल्क आणि सेबीची फी या तिघांच्या बेरजेवर लागतो. शेअरच्या किमतीवर तो लागत नाही, आणि एसटीटी व मुद्रांक शुल्क हे स्वतःच कर असल्याने त्यांच्यावरही लागत नाही. आपल्या उदाहरणात २९९.९५ अधिक २.९७ अधिक ०.१०, म्हणजे ₹३०३.०२ वर १८ टक्के. गुंतवणूकदार नाशिकचा आणि ब्रोकरची नोंदणी मुंबईची, दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून तो दोन ओळींत विभागला जातो : केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के म्हणजे ₹२७.२७ आणि राज्याचा एसजीएसटी तितकाच. हाच ब्रोकर वापरणारा माणूस पणजीचा असता तर दोन्ही ओळी रिकाम्या राहून आयजीएसटीच्या एका ओळीत ₹५४.५४ दिसले असते. एकूण भार दोन्ही ठिकाणी सारखाच, त्यामुळे शेजाऱ्याच्या नोटेवर आयजीएसटी आणि आपल्या नोटेवर दोन तुकडे, यात काही चुकलेले नाही. एकाच नोटेत तिन्ही ओळींत एकाच दलालीवर रक्कम असेल तर मात्र विचारणा करावी.

एसटीटी म्हणजे रोखे व्यवहार कर. तो १ ऑक्टोबर २००४ पासून अस्तित्वात आहे आणि केंद्र सरकारकडे जातो. डिलिव्हरीत तो खरेदी करणाऱ्यालाही ०.१ टक्का आणि विकणाऱ्यालाही ०.१ टक्का लागतो. आपल्या सौद्यावर हिशेबाने ₹९९.९८४ येतात आणि नोटेवर ₹१०० दिसतात, कारण नोटेवरील एकूण एसटीटी जवळच्या पूर्ण रुपयात धरला जातो. दलाली शून्य असलेल्या ब्रोकरकडे हाच सर्वांत मोठा खर्च असतो, आणि ‘आमच्याकडे डिलिव्हरी मोफत’ या जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

मुद्रांक शुल्क, म्हणजे स्टॅम्प ड्यूटी, १ जुलै २०२० पासून देशभर एकाच दराने आणि फक्त खरेदीदाराकडून घेतले जाते. त्याआधी प्रत्येक राज्याचा दर वेगळा होता. डिलिव्हरीवर दर ०.०१५ टक्के, म्हणजे लाखाला ₹१५. आपले १४.९९७६ नोटेवर ₹१५ होतात. हे पैसे खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला मिळतात. विक्रीच्या नोटेत ही ओळ शून्य असली पाहिजे.

पाचवी पायरी : शेवटचा आकडा स्वतः काढणे

आता सगळ्या ओळी एकाखाली एक मांडून पाहू.

शेअरचे मूल्य : ₹९९,९८४.००
दलाली : ₹२९९.९५
एक्स्चेंजचे शुल्क : ₹२.९७
सेबी फी : ₹०.१०
सीजीएसटी : ₹२७.२७
एसजीएसटी : ₹२७.२७
एसटीटी : ₹१००.००
मुद्रांक शुल्क : ₹१५.००
ग्राहकाने देय निव्वळ रक्कम : ₹१,००,४५६.५६

मूल्याव्यतिरिक्त एकूण खर्च ₹४७२.५६ झाला, म्हणजे शेअरमागे सुमारे ₹५.९१. म्हणून हा शेअर गुंतवणूकदाराला ₹१,२४९.८० ला नव्हे, तर साधारण ₹१,२५५.७१ ला पडला. विकताना पुन्हा दलाली, जीएसटी आणि एसटीटी लागणार असल्याने भाव एवढा वाढला तरी तो तोट्यातच असेल; ना नफा ना तोटा ही पातळी आणखी पावणेसहा रुपयांच्या आसपास वर आहे. एक-दोन पैशांचा फरक पूर्णांकाच्या पद्धतीमुळे येतो, तो सोडून द्यावा. रुपयाहून मोठा फरक आला तर कोणत्या ओळीत आला हे शोधावे, आणि तो बहुधा किमान दलालीत सापडतो.

विक्रीच्या नोटेत हीच रचना उलट चालते. शेअरचे मूल्य येणे असते आणि त्यातून सगळी शुल्के वजा होऊन ग्राहकाला मिळणारी निव्वळ रक्कम उरते. काही ब्रोकर देणे रक्कम कंसात किंवा ऋण चिन्हाने दाखवतात, काही ‘डीआर’ आणि ‘सीआर’ अशी अक्षरे लावतात. पहिल्या नोटेत ही खूण एकदा ओळखून ठेवली की पुढे अडचण येत नाही.

एकाच दिवशी घेऊन विकले तर

एसटीटीचा आकडा न जुळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हे आहे. समजा आपल्या गुंतवणूकदाराने सकाळी घेतलेल्या ८० पैकी ३० शेअर त्याच दुपारी ₹१,२५६ ने विकले. आता ते ३० शेअर डिलिव्हरीत येतच नाहीत. बाजाराच्या हिशेबाने तो इंट्राडे व्यवहार झाला, मग ऑर्डर देताना ॲपमध्ये कोणताही पर्याय निवडलेला असो. इंट्राडेत एसटीटी फक्त विक्रीच्या बाजूला आणि ०.०२५ टक्के लागतो. म्हणून त्या दिवशीचा हिशेब असा होतो : उरलेल्या ५० शेअरच्या खरेदीवर सरासरी भावाने, म्हणजे ₹६२,४९० वर, ०.१ टक्का म्हणजे ₹६२.४९, आणि ३० शेअरच्या ₹३७,६८० विक्रीवर ₹९.४२. बेरीज ७१.९१, नोटेवर ₹७२. मुद्रांक शुल्काचेही तसेच होते : ५० शेअरवर ०.०१५ टक्के आणि ३० शेअरच्या खरेदीवर इंट्राडेचा ०.००३ टक्के.

येथे सरासरी भाव महत्त्वाचा आहे. आधी घेतलेले ५० डिलिव्हरीचे आणि नंतर घेतलेले ३० इंट्राडेचे, असा क्रम एसटीटीसाठी लावला जात नाही. दिवसभरातील त्या शेअरच्या सर्व खरेदीचा भारित सरासरी भाव घेतला जातो. तक्त्यातल्या एकेका ओळीवरून एसटीटी काढू पाहणाऱ्याचा हिशेब म्हणूनच थोडा चुकत राहतो.

नोटेत नसलेले खर्च

नोट पूर्ण जुळली आणि तरीही ब्रोकरकडील खात्याच्या उताऱ्यात, म्हणजे लेजरमध्ये, काही रुपये कमी दिसले, तर ते बहुधा डीपी चार्जेसचे असतात. शेअर विकले की ते डीमॅट खात्यातून बाहेर पडतात आणि त्या नोंदीबद्दल डिपॉझिटरी, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणारी संस्था, व ब्रोकर मिळून ठरावीक रक्कम अधिक जीएसटी घेतात. ही आकारणी नगांवर अवलंबून नसते. एक शेअर विकला काय किंवा हजार, एका कंपनीसाठी त्या दिवशी तेवढीच रक्कम. हा खर्च सौद्याचा नसून डीमॅट खात्याचा असल्याने सहसा कॉन्ट्रॅक्ट नोटेत येत नाही. ₹८०० चे शेअर विकणाऱ्याला तो टक्क्यांत मोजला तर दलालीहून जड जातो. डीमॅटचे वार्षिक शुल्क, उशिरा पैसे भरल्याचे व्याज आणि फोनवरून ऑर्डर दिल्याचे जादा शुल्क हेही लेजरमध्ये शोधावे. म्हणून महिन्यातून एकदा तरी नोटेवरील निव्वळ रक्कम आणि लेजरमधली त्या तारखेची नोंद शेजारी ठेवून पाहावी.

आणखी एक गोष्ट लेजर सांगत नाही. नोटेत दिवसभरातील सर्व शेअरचे कर आणि शुल्के एकत्र येतात. त्या दिवशी तीन कंपन्यांचे शेअर घेतले असतील तर प्रत्येकाची खरी किंमत काढण्यासाठी ती मूल्याच्या प्रमाणात वाटावी लागतात. हे करताना एसटीटी वेगळा ठेवावा, कारण भांडवली नफा काढताना दलाली, तिच्यावरील जीएसटी आणि मुद्रांक शुल्क खर्चात धरता येते, पण एसटीटीची वजावट मिळत नाही. शेअरचा व्यापार हा व्यवसाय म्हणून दाखवणाऱ्यांना ती मिळते. आपल्या उदाहरणात म्हणून कराच्या हिशेबासाठी खरेदीची किंमत ₹१,००,४५६.५६ नव्हे, तर त्यातून ₹१०० वजा करून ₹१,००,३५६.५६ धरावी.

चूक सापडली तर

प्रथम नोटेवर छापलेल्या अनुपालन अधिकाऱ्याच्या ई-मेलवर लेखी तक्रार करावी. दूरध्वनीवर बोलणे झाले तरी त्याच दिवशी ते ई-मेलने लिहून पाठवावे, कारण पुढे तारखांना महत्त्व येते. ब्रोकरने दाद दिली नाही तर सेबीच्या scores.sebi.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिथे आलेल्या तक्रारीवर केलेल्या कारवाईचा अहवाल ब्रोकरला २१ दिवसांच्या आत द्यावा लागतो. त्यानेही समाधान झाले नाही तर smartodr.in या ऑनलाइन मंचावर सलोखा आणि लवादाचा मार्ग उपलब्ध आहे. तक्रारीत ‘माझे जास्त पैसे कापले’ असे मोघम न लिहिता नोटेचा क्रमांक आणि तारीख, वादातली ओळ, नोटेवरची रक्कम, सही केलेल्या दरपत्रकानुसार यायला हवी ती रक्कम आणि दोहोंतला फरक या क्रमाने लिहावे, आणि नोटेची मूळ डिजिटल सही असलेली फाईल जोडावी. छापून पुन्हा स्कॅन केलेल्या प्रतीत ती सही उरत नाही.